नेपोलियनचे कायदे, फौज आणि नकाशा: वेस्टफालियाच्या राज्यातून पाहताना

प्रश्न: "एम.ए. इतिहासाची तयारी करतेय. नेपोलियनवर माझ्याकडे चार वेगळ्या नोट्स आहेत: नागरी संहिता, लष्करी सुधारणा, युरोपचा बदललेला नकाशा आणि पराभव. प्रत्येक मुद्दा वेगळा येतो, पण एकातून दुसरा कसा निघतो ते कळत नाही. एवढी व्यवस्था बसवणारा माणूस दहा वर्षांत कोसळला कसा? आणि कोसळल्यावर त्यातलं नक्की काय टिकलं?"

उत्तर:

या चार नोट्स बाजूला ठेवा आणि आधी एकच कागद बघा. १५ नोव्हेंबर १८०७ ची वेस्टफालिया राज्याची राज्यघटना. मी युरोपचा इतिहास शिकवायला लागल्यापासून नेपोलियनची सुरुवात वॉटर्लू किंवा ऑस्टरलिट्झने करत नाही, या कागदाने करतो. कारण त्यात तुमचे पहिले तिन्ही मुद्दे शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि चौथ्याचं बीजही तिथेच आहे.

सुरुवातीलाच कुठले प्रदेश मिळून हे राज्य झालं त्याची यादी येते: हेसे-कासेल, ब्राउनश्वाइग, हॅनोव्हरचा काही भाग, एल्ब नदीच्या पश्चिमेकडचा प्रशियाचा मुलूख. हा झाला नकाशा. लगेच पुढे, जुन्या राजांच्या खासगी जमिनींपैकी निम्म्या सम्राट नेपोलियन आपल्या सेनाधिकाऱ्यांना बक्षीस द्यायला राखून ठेवतो, असं लिहिलं आहे. मग या राज्याने २५,००० सैनिक पुरवायचे, पैकी सुरुवातीच्या वर्षांत निम्मे, आणि उरलेल्या निम्म्यांच्या जागी फ्रेंच सैनिक मागदेबुर्गच्या किल्ल्यात राहतील. ही झाली फौज. त्यानंतर कायद्यापुढे सगळे समान, भूदासपण रद्द, सर्व धर्मांना मोकळीक, आणि १ जानेवारी १८०८ पासून नेपोलियनची नागरी संहिता लागू. गादीवर बसवला धाकटा भाऊ जेरोम. कागदाची तारीख आणि त्याचा तेविसावा वाढदिवस एकच आहे. वाढदिवसाची भेट म्हणून राज्य मिळालेले लोक इतिहासात फार नाहीत.

त्याच दिवशी नेपोलियनने जेरोमला एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: जर्मन लोकांना हवं आहे ते हे, की जन्माने सरदार नसलेल्या पण लायक माणसालाही मान आणि नोकरी मिळावी, राजा आणि रयत यांच्या मधली सगळी बंधनं तुटावीत. तू त्यांना संहिता दे, खुली न्यायालयं दे, ज्यूरी दे. एकदा याची चव लागली की कोण प्रशियाकडे परत जाईल? अशी राज्यपद्धती ही प्रशियापासून तुला वेगळं ठेवणारी भिंत ठरेल, एल्ब नदीपेक्षा, किल्ल्यांपेक्षा आणि फ्रान्सच्या संरक्षणापेक्षाही भक्कम.

म्हणजे त्याच्या डोक्यात कायदा हा संरक्षणाचा भाग होता. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. आता एकेक धागा मागे नेऊन बघू.

कायद्यापासून. क्रांतीआधीच्या फ्रान्समध्ये एक कायदा नव्हताच. दक्षिणेत रोमन परंपरेचा लिखित कायदा, उत्तरेत गावोगावच्या रूढी, लग्नावर चर्चचा अंमल, जमिनीवर सरदाराचे हक्क. व्होल्तेअरने टोमणा मारला होता की या देशात प्रवाशाला घोडे बदलावे लागतात तितक्या वेळा कायदे बदलावे लागतात. क्रांतीच्या सभांनी संहितेचे मसुदे केले, पण एकही पूर्णत्वाला गेला नाही. नोव्हेंबर १७९९ मध्ये सत्ता हाती घेतलेल्या जनरल बोनापार्टने ऑगस्ट १८०० मध्ये त्राँशे, पोर्तालिस, बिगो द प्रेआमेनो आणि मालव्हिल या चौघांची समिती नेमली. दोघे उत्तरेच्या रूढी जाणणारे, दोघे दक्षिणेच्या लिखित कायद्यात मुरलेले. ही जोडी जाणूनबुजून निवडलेली होती. काही महिन्यांत मसुदा तयार झाला. मग राज्य परिषदेत शंभराहून अधिक बैठका झाल्या आणि त्यांपैकी निम्म्याहून जास्त बैठकांना बोनापार्ट स्वतः अध्यक्ष होता. ट्रिब्युनेट या सभागृहाने पहिल्या प्रकरणांना विरोध केला, तेव्हा त्याने विधेयकं मागे घेतली, सभागृहातले विरोधक वगळले आणि मग तीच विधेयकं पुन्हा आणली. २१ मार्च १८०४ रोजी २,२८१ कलमांची संहिता जाहीर झाली, त्यानंतर दोनच महिन्यांनी तो सम्राट झाला.

"नेपोलियनने संहिता लिहिली" हे वाक्य म्हणून बरोबरही आहे आणि चुकीचंही. कलमं कायदेपंडितांची, आशय बराचसा क्रांतीचा आणि जुन्या रूढींचा. पण ती पुरी करून लागू करण्याचा हुकूम आणि त्यासाठी लागणारी दांडगाई त्याची. विद्यार्थी उत्तरात यातली एकच बाजू लिहितात आणि गुण जातात.

संहितेत काय होतं? सरंजामी देणी नसलेली पूर्ण खासगी मालकी. लग्न ही दिवाणी नोंद. वारसा सगळ्या मुलांना सारखा, मुलगी असो वा मुलगा, थोरला असो वा धाकटा. बापाला मृत्युपत्राने मनाजोगं वाटता येईल तो भाग मुलांच्या संख्येवर ठरलेला: एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर तिसरा हिस्सा, तीन किंवा जास्त असतील तर चौथा. (गोव्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा याच फ्रेंच घराण्यातला, आणि त्यातल्या कुटुंब व वारसा तरतुदींमुळे गोव्यात आजही बापाला मुलांना पूर्णपणे बेदखल करता येत नाही.) याच संहितेत कलम २१३ आहे: नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं, बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय मालमत्तेचे व्यवहार करता येत नव्हते. मजुरीवरून वाद झाला तर मालकाचा शब्द प्रमाण मानायचा, असंही कलम होतं. समानता होती, पण ती घराच्या उंबरठ्याशी आणि कारखान्याच्या दाराशी थांबत होती. आणि संहितेच्या दोन वर्षं आधी, १८०२ मध्ये, याच राजवटीने वसाहतींमध्ये गुलामगिरी कायद्याने कायम केली होती. हेही त्याच पानावर लिहा.

आता यातून फौज कशी निघते? इथेच बहुतेकांच्या नोट्समध्ये खिंडार असतं. जुन्या व्यवस्थेत माणूस राज्याला थेट दिसतच नव्हता. तो कुठल्या तरी सरदाराचा कुळ, कुठल्या तरी व्यवसायसंघाचा सभासद, कुठल्या तरी चर्चचा भाविक होता. क्रांतीने आणि मग संहितेने या मधल्या सगळ्या भिंती काढल्या. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद पाद्र्याकडून काढून १७९२ पासून नगरपालिकेच्या वहीत आली होती, संहितेने ती पद्धत पक्की केली. १८०० मध्ये प्रत्येक जिल्ह्यावर, म्हणजे देपार्तमाँवर, प्रीफेक्ट नेमला गेला, थेट पॅरिसला जबाबदार. आपल्याकडच्या कलेक्टरसारखा, पण वर्षातून एकदा त्याला ठरलेल्या संख्येने तरुणही द्यावे लागत.

सक्तीच्या भरतीचा कायदा नेपोलियनच्या आधीचा, सप्टेंबर १७९८ चा, जूर्दां कायदा. २० ते २५ वयाच्या सगळ्या तरुणांची जन्मवर्षाप्रमाणे यादी. कुठल्या वर्षाचे किती घ्यायचे ते सरकार ठरवणार, पुढे ही निवड चिठ्ठ्या टाकून होऊ लागली. पैसेवाल्याला बदली माणूस देऊन सुटता येत होतं. नेपोलियनने नवीन शोध लावला नाही, त्याने यंत्र चालवलं. प्रीफेक्टची कामगिरी भरतीच्या आकड्यावर मोजली जाऊ लागली. मुलगा पळाला तर त्याच्या आईबापांच्या घरी त्यांच्याच खर्चाने शिपाई आणून बसवायचे, तो परत येईपर्यंत. ज्या वहीमुळे बापाच्या जमिनीत धाकट्याचा वाटा सिद्ध होत होता, त्याच वहीतून त्याचं नाव भरतीच्या यादीत जात होतं. हक्क आणि सक्ती एकाच दारातून आत आल्या, असं मी वर्गात म्हणतो ते यासाठी.

फौजेची रचना हा वेगळा भाग. पूर्वी सेनापती आपली सगळी फौज एकत्र घेऊन, मागे धान्याच्या गाड्यांची लांबच लांब रांग घेऊन हळूहळू सरकायचा. १८०३ ते १८०५ या काळात इंग्लंडवर उतरण्यासाठी बूलोन्यच्या किनाऱ्यावर जमवलेल्या सैन्याची नेपोलियनने कायमच्या 'कोअर' मध्ये विभागणी केली. एका कोअरमध्ये पायदळाच्या दोन ते चार डिव्हिजन, थोडं घोडदळ, स्वतःचा तोफखाना, स्वतःचे इंजिनियर, स्वतःची कचेरी, वर एक मार्शल. म्हणजे प्रत्येक कोअर ही छोटी पण पूर्ण फौज. ती वेगळ्या रस्त्याने जाणार, वाटेतल्या गावांतून शिधा उचलणार, आणि शत्रू समोर आला तर बाकीचे येईपर्यंत एक दिवस एकटी झुंजणार. सगळ्या कोअर एकमेकींपासून साधारण एका दिवसाच्या अंतरावर. शत्रूला खरा घाव कुठून येणार ते शेवटपर्यंत कळत नाही.

ही गोष्ट आकृती काढून समजते त्यापेक्षा एका दिवसाच्या हकिकतीतून चांगली समजते. १४ ऑक्टोबर १८०६. नेपोलियन येना इथे लढत होता आणि त्याला वाटत होतं की प्रशियाचं मुख्य सैन्य आपल्यासमोर आहे. प्रत्यक्षात मुख्य सैन्य उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, आउअरस्टेट गावाजवळ होतं, आणि त्याच्या वाटेत मार्शल दाव्हूची एकटी तिसरी कोअर. सकाळी दाट धुकं. दाव्हूकडे साधारण २७,००० माणसं, समोर त्याच्या दुपटीहून जास्त. दाव्हूच्या तीन डिव्हिजन एकामागून एक पोचत होत्या. पहिली, ग्युदँची, हासेनहाउझेन गावाला धरून बसली. पायदळाने चौकोन करून ब्ल्यूखरच्या घोडदळाचे हल्ले परतवले. मग फ्रियाँ उजवीकडे आला, मोराँ डावीकडे. प्रशियाचा सेनापती, ब्राउनश्वाइगचा ड्यूक, मर्मी जखमी होऊन पडला, आणि त्याच्यानंतर हुकूम द्यायला तिथे धड कोणी उरलं नाही. प्रशियाकडे राखीव सैन्य होतं, पण ते वेळेवर पुढे आलंच नाही. दाव्हूने दुपारी उलट चढाई केली. त्याची सात हजारांच्या आसपास माणसं पडली, म्हणजे चारातला एक. पण एका कोअरने एक राज्य मोडलं.

इथून नकाशाकडे थेट रस्ता जातो. मर्मी जखमी झालेल्या ड्यूकचं ब्राउनश्वाइग आणि तटस्थ राहू म्हणणाऱ्या हेसे-कासेलच्या इलेक्टरचा मुलूख, दोन्ही त्या मोहिमेनंतर फ्रेंचांच्या ताब्यात आले. जुलै १८०७ च्या टिलसिट तहात प्रशियाने जवळपास निम्मा प्रदेश गमावला. आणि या तुकड्यांतून तयार झालं वेस्टफालिया.

नकाशा बदलला म्हणजे फक्त फ्रान्स मोठा झाला असं समजू नका. जर्मनीत मोठी उलथापालथ आधीच सुरू झाली होती. १७८९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्यात तीनशेहून अधिक लहानमोठ्या सत्ता होत्या: संस्थानं, बिशपांची राज्यं, मुक्त शहरं. फ्रान्सने ऱ्हाइनचा डावा किनारा घेतला, तेव्हा तिथे जमीन गमावलेल्या राजांना भरपाई द्यायची होती. ती १८०३ मध्ये बिशपांची राज्यं आणि बहुतेक मुक्त शहरं मोडून दिली गेली. ज्यांना मिळालं ते राजे आता नेपोलियनचे देणेकरी झाले, कारण जुनी व्यवस्था परत आली तर त्यांनाच सगळं परत करावं लागणार होतं. १२ जुलै १८०६ रोजी अशा १६ राजांनी ऱ्हाइन संघ स्थापला. पुढच्याच महिन्यात फ्रान्सिस दुसऱ्याने पवित्र रोमन सम्राटाचा मुकुट खाली ठेवला. या संघाच्या करारातली संघसभा वगैरे कागदावरच राहिली. काटेकोरपणे पाळलं गेलं ते एकच, कोणी किती सैनिक द्यायचे: बव्हेरिया ३०,०००, व्ह्युर्टेंबर्ग १२,०००, बाडेन ८,०००, असं करत एकूण ६३,०००. नेपोलियनचा नकाशा वाचायचा तर प्रत्येक प्रदेशावर हा आकडा लिहून वाचा.

आता पुन्हा कासेलला, जेरोमच्या राजधानीत. पत्रात सांगितलेली भिंत उभी राहिली का?

काही बाबतींत हो. भूदासपण गेलं. व्यवसायसंघांची मक्तेदारी मोडली. जानेवारी १८०८ मध्ये ज्यूंना पूर्ण नागरिकत्व मिळालं, जर्मन भूमीवर ते पहिल्यांदाच एवढ्या स्पष्टपणे. न्यायालयं खुली झाली. राज्याची लोकसभाही बसली, जरी ती १८०८ आणि १८१० अशी दोनदाच भरली. जेरोमची मौजमजा आणि दरबाराचा खर्च यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, पण त्याच्या कारभारातले बरेच जर्मन अधिकारी मनापासून काम करत होते. त्याला नुसता चैनी पोरगा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

अडचण घटनेतच होती, त्या निम्म्या जमिनींत. त्या नेपोलियनने आपल्या मार्शलांना आणि अधिकाऱ्यांना वाटल्या. या जमिनींचं उत्पन्न कशात होतं? शेतकऱ्यांच्या जुन्या सरंजामी देण्यांत. धान्याचा वाटा, वेठ, हस्तांतराची फी. संहितेच्या भावनेप्रमाणे ही देणी संपायला हवी होती किंवा शेतकऱ्याला ती सहज विकत घेऊन मोकळं होता यायला हवं होतं. पण तसं झालं तर दूर पॅरिसमध्ये बसलेल्या मार्शलांचं उत्पन्न आटणार. म्हणून भूदासपण रद्द झालं तरी देणी राहिली, आणि मोबदला देऊन सुटण्याचं काम रखडलं. शेतकऱ्याला कायद्याने माणूस म्हणून मोकळं केलं आणि त्याच्या शेतावरचा बोजा तसाच ठेवला. दुसरीकडे, राजाच्या खजिन्यातून निम्म्या राजजमिनींचं उत्पन्न आधीच गेलेलं, वर युद्धखंडणीची बाकी, वर मागदेबुर्गमधल्या फ्रेंच सैन्याचा खर्च. राज्य जन्मापासून कर्जात होतं. कर वाढवायचे आणि सक्तीचं कर्ज उभारायचं, एवढाच मार्ग. त्यात १८०६ च्या बर्लिन फर्मानाने इंग्लंडशी व्यापार बंद. तागाचं कापड परदेशी पाठवणारी गावं बसली.

आदर्श राज्य आणि फौजेचं कोठार ही दोन कामं एकाच प्रदेशाकडून एकाच वेळी होणं शक्य नव्हतं, आणि जिथे निवड करायची वेळ आली तिथे नेपोलियनने दर वेळी कोठार निवडलं. मला विचाराल तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. कायदा नकाशाला स्थैर्य देणार होता, नकाशा फौजेला माणसं आणि पैसा देणार होता, फौज नकाशाचं रक्षण करणार होती. पण फौजेची भूक कायद्याने दिलेलं खाऊन टाकत होती.

एप्रिल १८०९ मध्ये जेरोमच्याच रक्षकदलातला कर्नल डोर्नबर्ग शेतकऱ्यांना घेऊन कासेलवर चालून आला. उठाव लगेच मोडला गेला, पण इशारा मिळाला. डिसेंबर १८१० मध्ये इंग्लिश मालाची चोरटी आयात रोखायला नेपोलियनने उत्तर समुद्राचा किनारा थेट फ्रान्सला जोडला आणि त्यात आपल्या भावाच्या राज्याचा उत्तरेकडचा भागही उचलला. त्याच फटक्यात ओल्डेनबुर्ग गेलं, तिथल्या ड्यूकच्या मुलाशी रशियाच्या झारच्या बहिणीचं लग्न झालेलं होतं, आणि झारशी बिघाड वाढला. डिसेंबर १८११ मध्ये जेरोमने भावाला स्पष्ट लिहिलं की असंतोष टोकाला पोचला आहे, युद्ध पेटलं तर ऱ्हाइनपासून ओडरपर्यंतचा सारा मुलूख उठेल. लोकांजवळ गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, असा त्याचा सूर होता. चैनी पोराचं पत्र म्हणून हे वाचता येत नाही.

उत्तर म्हणून नेपोलियनने त्याच्याकडे सैनिक मागितले. १८१२ च्या रशिया मोहिमेत वेस्टफालियन सैनिकांची आठवी कोअर झाली. जेरोमला उजव्या बाजूची कमान दिली, मग जुलैमध्ये त्याला न सांगता दाव्हूच्या हाताखाली टाकलं, आणि तो रागावून घरी परतला. त्याची माणसं मात्र पुढे गेली, बोरोदिनोला लढली. वीस हजारांहून अधिक गेले होते, परत आले ते फारच थोडे.

पराभवाच्या कारणांत थंडी, स्पेन, नाकेबंदी हे सगळं तुमच्या नोट्समध्ये असेलच, ते बरोबरच आहे. मी दोन गोष्टी वाढवेन.

पहिली, कोअरची पद्धत छोट्या अंतरावर, दाट वस्तीच्या, चांगल्या रस्त्यांच्या मुलखात चालत होती. उत्तर इटली, बव्हेरिया, सॅक्सनी. तिथे गावातून शिधा मिळतो आणि एक कोअर हाकेला दुसरी येते. स्पेनच्या डोंगरात किंवा लिथुएनियाच्या विरळ वस्तीत शिधा उचलायचा कुठून? तिथे पद्धतीचा पायाच सुटला. रशियातली हानी थंडी पडण्याच्या खूप आधी सुरू झाली होती. जून-जुलैच्या उन्हात, पावसात, तापाने आणि उपासमारीने माणसं आणि घोडे गळत होते. परीक्षेत "रशियातील हिवाळा" एवढंच लिहिलेलं दिसलं की मला समजतं, नकाशा उघडलेला नाही.

दुसरी, शत्रू शिकले. ऑस्ट्रियाने १८०९ मध्ये कोअर केल्या. प्रशियाला टिलसिटनंतर फौज ४२,००० वर ठेवण्याची सक्ती झाली, तेव्हा शार्नहोर्स्ट आणि त्याच्या सोबत्यांनी माणसांना आळीपाळीने शिकवून घरी पाठवायला सुरुवात केली, शारीरिक शिक्षा कमी केल्या, सरदार नसलेल्यांना अधिकारी होण्याची वाट मोकळी केली. १८१३ मध्ये सार्वत्रिक भरतीही आणली. म्हणजे फ्रान्सची हत्यारं फ्रान्सवर उलटली. त्या वर्षी मित्रराष्ट्रांनी ट्राखेनबर्गला एक साधी योजना ठरवली: नेपोलियन स्वतः समोर असेल तर मागे सरायचं, त्याचे मार्शल एकटे सापडले की त्यांना झोडपायचं. ऑगस्टच्या शेवटी तो ड्रेस्डेनला जिंकला, आणि त्याच पंधरवड्यात ग्रोसबेरेन, काट्झबाख, कुल्म, डेनेव्हित्झ इथे त्याचे सरदार एकामागून एक हरले. सगळं यंत्र एका डोक्यावर चालत होतं. ते डोकं एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतं, हे शत्रूच्या ध्यानात आलं. दाव्हूसारखा आउअरस्टेटवर एकटा जिंकणारा मार्शल त्या वेळी हँबुर्ग सांभाळत बसला होता, हीही नेपोलियनचीच नेमणूक.

सप्टेंबर १८१३ च्या अखेरीस रशियन जनरल चेर्निशोव्ह घोडदळाची एक तुकडी घेऊन कासेलवर आला. राजधानी दोन-तीन दिवसांत पडली आणि त्याने वेस्टफालियाचं राज्य संपल्याचं जाहीर केलं. जेरोम काही दिवसांसाठी परत आला, पण १६ ते १९ ऑक्टोबरच्या लाइपझिगच्या लढाईनंतर कायमचा गेला. बव्हेरियाने लढाईच्या आधीच बाजू बदलली होती, सॅक्सनीच्या सैन्याने ऐन लढाईत. एल्बपेक्षा भक्कम म्हटलेली भिंत अशी पडली. त्यानंतरचं १८१४ चं पदत्याग, एल्बा, शंभर दिवस आणि १८ जून १८१५ चं वॉटर्लू हे सगळ्यांना पाठ असतं. माझ्या मते निकाल लाइपझिगला लागला होता. वॉटर्लूला तो जिंकला असता तरी समोर ऑस्ट्रिया आणि रशियाच्या फौजा यायच्याच होत्या.

आता काय टिकलं. याला एक उत्तर नाही, कुठे उभं राहून विचारता त्यावर ते ठरतं.

कासेलमध्ये जवळपास काहीच नाही. इलेक्टर विल्हेल्म परतला आणि मधली सात वर्षं घडलीच नाहीत असं धरून चालला. सैनिकांना जुन्या वेण्या पुन्हा बांधायला लावल्या. जेरोमच्या काळात ज्यांनी रीतसर पैसे भरून सरकारी जमिनी घेतल्या होत्या त्यांच्या जमिनी काढून घेतल्या. सहा वर्षांची राजवट, तीही कर्जाची आणि भरतीची, तिच्या बाजूने उभं राहायला कोणाला कारण नव्हतं.

ऱ्हाइनच्या डाव्या किनाऱ्यावर उलट झालं. तो भाग जवळपास वीस वर्षं फ्रान्सचाच होता. चर्चच्या आणि सरदारांच्या जमिनी विकल्या गेल्या होत्या, घेणारे स्थिरावले होते, सरंजामी देणी भरपाईशिवाय गेली होती, आणि व्यापाऱ्यांना खुली न्यायालयं आवडू लागली होती. १८१५ मध्ये या मुलखाचा मोठा भाग प्रशियाला मिळाला. प्रशियाला आपला कायदा तिथे आणायचा होता, पण कोलोनसारख्या शहरांतल्या वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला, आणि प्रशियाच्याच नेमलेल्या चौकशी समितीने फ्रेंच कायदा ठेवावा अशी शिफारस केली. नेपोलियनला हरवणाऱ्या राजाच्या प्रजेने पुढे संपूर्ण एकोणिसावं शतक त्याच्या संहितेखाली काढलं. १ जानेवारी १९०० रोजी साऱ्या जर्मनीचा एक नागरी कायदा आला, तेव्हा ती तिथे संपली.

नकाशाचंही तसंच. व्हिएन्ना परिषदेने भावंडांची राज्यं पुसली, पण १७८९ ची तीनशे संस्थानं कोणी परत उभी केली नाहीत. बव्हेरिया, व्ह्युर्टेंबर्ग, बाडेन यांनी नेपोलियनच्या हातून मिळालेला बहुतेक मुलूख आणि पदव्या राखल्या, आणि नवीन जर्मन संघात एकोणचाळीसच्या आसपास सभासद राहिले. वेळेवर बाजू बदललेल्यांचं राहिलं, त्याच्या भावाचं गेलं.

तेव्हा उत्तर लिहिताना "टिकलं" किंवा "टिकलं नाही" असं सरसकट लिहू नका. त्या ठिकाणी राजवट किती वर्षं होती, जमिनीची मालकी खरोखर बदलली होती का, आणि तिथला माणूस त्या काळात संहितेचा लाभार्थी जास्त होता की भरतीचा शिकार, हे तीन प्रश्न विचारा आणि ठिकाणाचं नाव घेऊन लिहा. स्पेन, वॉर्सा आणि नेपल्स ही तिन्ही उदाहरणं याच प्रश्नांनी स्वतः तपासून बघा. वॉर्सापासून सुरुवात करा. तिथे संहिता १८०८ मध्ये आली, शेतकऱ्याला मोकळं केलं गेलं पण जमीन जमीनदाराकडेच राहिली, म्हणजे कासेलपेक्षाही वेगळा प्रकार. नेपोलियन गेल्यावर तिथे झारची सत्ता आली, तरी संहितेचा मोठा भाग चालू राहिला.